जागरणाने गॅप टळत नाही

अमेरिकेचा शेअर बाजार न्यूयॉर्कच्या घड्याळानुसार सकाळी साडेनऊला उघडतो आणि दुपारी चारला बंद होतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे सात ते रात्रीचा दीड आणि हिवाळ्यात रात्रीचे आठ ते अडीच असतात. हा एका तासाचा फरक अमेरिकेतले लोक घड्याळ पुढे-मागे करतात म्हणून पडतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ तासभर पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. 2026 साली या तारखा 8 मार्च आणि 1 नोव्हेंबर अशा आहेत.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, आणि त्यातूनच आपल्याकडचे लोक ॲपल, मायक्रोसॉफ्ट, एनव्हिडिया असे शेअर घेतात. यातले बरेच जण दिवसा नोकरी करतात. त्यामुळे पहिला प्रश्न शेअर कोणता घ्यायचा हा नसतो, तर रात्री किती वाजेपर्यंत जागायचं हा असतो. अनेकांची समजूत असते की पैसे लावलेत तर लक्ष ठेवायला हवं, आणि लक्ष ठेवायचं म्हणजे बाजार बंद होईपर्यंत जागायला हवं. ही समजूत मला घातक वाटते. एक तर झोप जाते, आणि दुसरं म्हणजे ज्या धोक्याच्या भीतीने माणूस जागतो तो धोका बाजार चालू असताना फारसा येतच नाही. तो येतो बाजार बंद असताना.

अमेरिकेतल्या बड्या तंत्रज्ञान कंपन्या तिमाही निकाल बहुतेक वेळा दुपारी चारनंतर, म्हणजे बाजार बंद झाल्यावर जाहीर करतात. बँकांचे निकाल सहसा बाजार उघडण्याआधी येतात. महागाईचे आणि रोजगाराचे मासिक आकडे तिथल्या सकाळी साडेआठला, म्हणजे घंटा वाजायच्या तासभर आधी येतात. या सगळ्यामुळे आदल्या दिवशीचा शेवटचा भाव आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला भाव यांच्यात मोकळी जागा पडते. बाजारात तिला गॅप म्हणतात. जिना उतरताना मधल्या चार पायऱ्याच नसाव्यात, तसं इथे होतं. शेअर 323 वरून 245 वर येतो, पण 310 ला, 300 ला किंवा 280 ला नेहमीच्या वेळेत एकही सौदा होत नाही.

हे आकडे मनचे घेतलेले नाहीत. 2 फेब्रुवारी 2022 रोजी मेटा, म्हणजे फेसबुकची मूळ कंपनी, 323 डॉलरवर बंद झाली. आपल्याकडे तेव्हा गुरुवारच्या पहाटेचे अडीच वाजले होते. त्यानंतर काही मिनिटांतच निकाल आले. फेसबुकच्या रोजच्या वापरकर्त्यांची संख्या आधीच्या तिमाहीपेक्षा किंचित घटली होती, आणि ॲपलने आयफोनवरच्या गोपनीयतेचे नियम बदलल्यामुळे जाहिरातींच्या उत्पन्नाला त्या वर्षी सुमारे दहा अब्ज डॉलरचा फटका बसेल असं कंपनीने सांगितलं. गुरुवारी आपल्या रात्री आठला शेअर 244.65 वर उघडला आणि दिवसअखेर 237.76 वर बंद झाला. एका दिवसात सव्वीस टक्क्यांहून जास्त घसरण झाली होती.

त्या रात्री पुण्यात किंवा ठाण्यात कुणी अडीचपर्यंत डोळे ताणून बसलं असतं, तर त्याच्या हाती काय लागलं असतं? अडीच वाजता भाव 323 होता आणि निकाल आलेला नव्हता. निकाल आला तेव्हा नेहमीचा बाजार बंद झालेला होता. बाजारानंतरच्या जादा सत्रात सौदे होत होते, पण तिथे घेणारे थोडे असतात आणि भाव निकालापाठोपाठच वीस टक्क्यांहून खाली गेला होता. जागणारा आणि झोपणारा, दोघांनाही एकच भाव मिळणार होता.

आता याच प्रसंगात स्टॉप लॉसचं काय होतं ते बघू, कारण निवांत झोपण्यासाठी लोक त्याच्यावरच विसंबतात. समजा एखाद्याने 323 ला पाच शेअर घेतले आणि या सौद्यात 120 डॉलरहून जास्त गमवायचे नाहीत असं ठरवलं. मग 24 डॉलर खाली, 299 ला स्टॉप लावला. कागदावर हिशोब चोख आहे. पण स्टॉप ही किमतीची हमी नसते. भाव 299 ला किंवा त्याखाली आला की माझे शेअर बाजारभावाने विका, एवढीच ती सूचना असते. शिवाय हा स्टॉप साधारणपणे फक्त नेहमीच्या सत्रात जागा होतो, जादा सत्रात भाव कितीही खाली गेला तरी तो गप्प राहतो. गुरुवारी रात्री आठला पहिला भाव 244.65 आला, स्टॉप जागा झाला आणि शेअर त्याच सुमाराला विकले गेले. तोटा झाला प्रत्येकी 78.35 डॉलर, पाच शेअरचे मिळून 391.75. डॉलर तेव्हा 75 रुपयांच्या आसपास होता. म्हणजे नऊ हजारांची मर्यादा ठरवणाऱ्याचे सव्वाएकोणतीस हजारांहून जास्त गेले.

स्टॉप-लिमिट या दुसऱ्या प्रकारात आणखी एक अट असते: भाव 299 ला आला की विका, पण 295 च्या खाली मात्र विकू नका. ऐकायला हे जास्त सुरक्षित वाटतं. त्या संध्याकाळी काय झालं असतं? ऑर्डर जागी झाली असती, 295 ला गिऱ्हाईक शोधत बसली असती, आणि भाव 240 च्या आसपास फिरत असताना तशीच पडून राहिली असती. झोपलेल्या माणसाला वाटतं आपण बाहेर पडलो, आणि सकाळी बघतो तर शेअर खात्यातच असतात. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेटा 90 डॉलरच्या खाली गेली होती.

म्हणून ज्याला खरोखर बाहेर पडायचं आहे त्याने मोठ्या, भरपूर उलाढालीच्या शेअरमध्ये साधा स्टॉप लावावा आणि वाईट भाव मिळू शकतो हे आधीच धरून चालावं, असं माझं मत आहे. स्टॉप-लिमिटचा उपयोग वेगळ्या ठिकाणी होतो. 24 ऑगस्ट 2015 ला, सोमवारी, आपल्या संध्याकाळी सातला अमेरिकेचा बाजार उघडला आणि पहिल्या काही मिनिटांत डाऊ निर्देशांक सुमारे 1,100 अंकांनी कोसळला. बाराशेहून जास्त वेळा निरनिराळे व्यवहार तात्पुरते थांबवावे लागले. काही ईटीएफ एक तृतीयांशाहून जास्त खाली गेले, त्यांच्यातले मूळ शेअर तेवढे पडलेले नसतानाही, आणि थोड्याच वेळात परत वर आले. ज्यांचे साधे स्टॉप लागलेले होते, त्यांचे ईटीएफ त्या तळातल्या भावाला विकले गेले. अशा क्षणिक पोकळीत स्टॉप-लिमिटने वाचवलं असतं. कंपनीविषयी खरी वाईट बातमी आली की मात्र तोच प्रकार माणसाला अडकवून ठेवतो. त्या सोमवारनंतर, फेब्रुवारी 2016 पासून, न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजने स्वतःकडे स्टॉप ऑर्डर घेणं बंद केलं. आता स्टॉप ब्रोकरच्या यंत्रणेत थांबलेला असतो, आणि तो शेवटच्या सौद्याच्या भावावर जागा होणार की खरेदीच्या बोलीवर, हे ब्रोकरचे नियम ठरवतात. ते एकदा वाचून ठेवावेत.

आपल्या सवयीतली आणखी एक गोष्ट इथे फसवते. मुंबईच्या बाजारात बऱ्याचशा शेअरना दिवसाची पाच, दहा किंवा वीस टक्क्यांची मर्यादा असते. अमेरिकेत एकेका शेअरला अशी दिवसाची मर्यादा नाही. भाव फार झपाट्याने हलला तर काही मिनिटं व्यवहार थांबतात, पण रात्रीच्या बातमीने शेअर थेट चाळीस टक्के खाली उघडायचा असेल तर तो तसाच उघडतो.

मग गॅपवर उपाय काय? ऑर्डरचा कुठलाही प्रकार त्यावर उपाय नाही. आपण किती शेअर धरून झोपतो, एवढंच आपल्या हातात असतं. वरच्याच उदाहरणात माणसाची एकूण गुंतवणूक सहा हजार डॉलर धरू. 120 डॉलर म्हणजे त्याच्या दोन टक्के. नेहमीच्या रात्री शेअर हळूहळू हलतो, तेव्हा 24 डॉलरचा स्टॉप आणि पाच शेअर हा हिशोब ठीक आहे. निकालाच्या रात्री मात्र स्टॉप खिजगणतीतच धरायचा नाही, त्या जागी संभाव्य गॅप धरायचा. मेटासारख्या शेअरला पंचवीस टक्के धरले, तर 120 ला 0.25 ने भागायचं. उत्तर येतं 480 डॉलर. 323 च्या भावाने त्यात एकच पूर्ण शेअर बसतो. म्हणजे 2 फेब्रुवारीला रात्री आठ-साडेआठला, जेवणाच्या सुमाराला, पाचातले चार विकायचे आणि एक ठेवायचा. दुसऱ्या दिवशीचा तोटा 78 डॉलर झाला असता.

याची किंमत मोजावी लागते, तीही सांगायला हवी. 1 फेब्रुवारी 2023 ला हीच मेटा 153.12 वर बंद झाली, आणि निकालानंतर दुसऱ्या दिवशी 188.77 वर गेली. एकच शेअर ठेवणाऱ्याला 35 डॉलर मिळाले, पाच ठेवणाऱ्याला 178. फेब्रुवारी 2024 मध्येही ती एका दिवसात वीस टक्क्यांनी वाढली, आणि त्याआधी ऑक्टोबर 2022 मध्ये जवळजवळ पंचवीस टक्क्यांनी पडली होती. दोन वर्षांत, एकाच कंपनीत, चार वेळा असं झालं, दोनदा खाली आणि दोनदा वर. पंचवीस टक्क्यांचा गॅप धरणं भित्रेपणाचं नाही, हे या चार तारखांवरून दिसतं. एनव्हिडियाही मे 2023 मध्ये निकालानंतर एका दिवसात चोवीस टक्के वाढली होती. ज्याला त्या उडीत पूर्ण वाटा हवा, त्याने तेवढ्याच खोल खड्ड्याचीही तयारी ठेवावी. या सगळ्यात एक दिलासा आहे: रिझर्व्ह बँकेच्या या योजनेतून परदेशात मार्जिनसाठी पैसे पाठवता येत नाहीत, त्यामुळे उधारीवर शेअर घेऊन गॅपमध्ये मूळ रकमेहून जास्त बुडण्याची वेळ नियम पाळणाऱ्यावर येत नाही.

गॅपच्या बाबतीत भारतात बसलेल्या माणसाला एक फायदा मिळतो, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. न्यूयॉर्कच्या माणसाला निकाल संध्याकाळी कळतो, मग रात्र जाते आणि सकाळी घाईघाईत निर्णय घ्यावा लागतो. आपण सकाळी उठतो तेव्हा निकाल आलेला असतो, कंपनीच्या अधिकाऱ्यांचं बोलणं छापून आलेलं असतं आणि बाजार उघडायला अजून बारा-तेरा तास असतात. हिवाळ्यात दुपारी अडीचपासून, उन्हाळ्यात दीडपासून उघडण्याआधीच्या सत्रातले भाव दिसू लागतात. शेअर साधारण कुठे उघडणार याचा अंदाज त्यावरून येतो. स्टॉप तसाच राहू द्यायचा, काढायचा की पहिला अर्धा तास बघून विकायचं, हे डोकं थंड असताना ठरवता येतं. संध्याकाळी सहाला स्टॉप रद्द करायचा राहिला, तर मात्र तो उघडण्याच्या घंटेलाच शेअर विकून मोकळा होईल.

हल्ली काही ब्रोकर रात्रभराचं सत्रही देतात. न्यूयॉर्कच्या रात्री आठ ते पहाटे चार म्हणजे उन्हाळ्यात आपल्या पहाटे साडेपाच ते दुपारी दीड, अगदी चहा-नाश्त्याची वेळ. सोयीचं वाटतं, पण तिथे उलाढाल तुटपुंजी असते. आणि गरज असते त्याच दिवशी ती सोय मिळेल याची खात्री नाही. 5 ऑगस्ट 2024 ला जपानचा बाजार कोसळला, त्या दिवशी असं सत्र चालवणाऱ्या ब्लू ओशन या व्यासपीठाचं काम बंद पडलं आणि दक्षिण कोरियातल्या गुंतवणूकदारांचे असंख्य व्यवहार रद्द झाले.

आता बाजार चालू असतानाचं बघू. इथे झोपेची सोय करणं खरंच शक्य आहे. अमेरिकेच्या बाजारात सगळ्यात जास्त उलाढाल सुरुवातीला आणि शेवटी होते, मधले तास संथ असतात. सुरुवातीचा भाग आपल्या जागेपणात येतो, ही चांगली गोष्ट. पण घंटेनंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटं टाळलेली बरी. तेव्हा घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची बोली लांब लांब असतात. शंभर डॉलरच्या एखाद्या मध्यम शेअरची खरेदीची बोली 99.70 आणि विक्रीची 100.30 दिसते. अर्ध्या तासाने त्याच जागी 99.96 आणि 100.04 असते. घाईत बाजारभावाने घेणारा माणूस प्रत्येक शेअरमागे पाव डॉलर उगाच देतो. म्हणून उन्हाळ्यात साडेसात ते नऊ, हिवाळ्यात साडेआठ ते दहा ही आपली कामाची वेळ धरावी, आणि ऑर्डर लिमिटचीच द्यावी.

खरेदी झाली की लगेच दोन ऑर्डर एकत्र लावायच्या. शंभरला घेतलेल्या शेअरवर 112 ला विक्रीची लिमिट आणि 93 ला स्टॉप. एक पूर्ण झाली की दुसरी आपोआप रद्द होते. ब्रोकरच्या पडद्यावर याला `OCO` म्हणतात, आणि खरेदीसकट तिन्ही एकदम दिल्या तर `Bracket`. यात लिमिट आणि स्टॉप यांचा स्वभाव उलटा आहे. निकालाने शेअर 118 वर उघडला तर 112 ची लिमिट 118 च्याच आसपास विकली जाते, म्हणजे गॅप आपल्या बाजूने पडतो. खाली 80 वर उघडला तर 93 चा स्टॉप 80 च्या आसपास जातो.

खरेदीची लिमिट लावून झोपणाऱ्यांनी याच कारणाने जपावं. 2 फेब्रुवारी 2022 ला कुणी “मेटा 300 ला मिळाली तर घेऊ” म्हणून ऑर्डर ठेवून दिली असेल, तर दुसऱ्या संध्याकाळी ती 244 च्या आसपास पूर्ण झाली. स्वस्तात मिळाली असं वाटेल, पण ती ऑर्डर ज्या कंपनीसाठी लावली होती ती कंपनी आता वेगळी होती. निकालाच्या तारखेआधी पडून असलेल्या खरेदीच्या ऑर्डर काढून टाकाव्यात.

ऑर्डर देताना मुदतीचा छोटासा रकाना असतो, आणि सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. बहुतेक ठिकाणी तिथे आधीपासून `Day` निवडलेलं असतं. रात्री नऊला स्टॉप लावून माणूस झोपतो. बाजार बंद होताना तो स्टॉप संपतो, आणि दुसऱ्या संध्याकाळी शेअर उघडतो तेव्हा खाली काहीच नसतं. आपण दिवसभर कामात असल्याने हे लक्षातही येत नाही. त्या रकान्यात `GTC` निवडलं, म्हणजे रद्द करेपर्यंत चालू, की ऑर्डर टिकते. पण तीही कायमची नसते, ब्रोकरप्रमाणे काही आठवड्यांची किंवा महिन्यांची मुदत असते. काही ॲपवर शेअरच्या अपूर्णांकाला स्टॉप लागतच नाही. 3.4 शेअर असतील तर तीनच झाकले जातात, किंवा एकही नाही. एकदा छोट्या रकमेवर लावून बघणं हाच खात्रीचा मार्ग.

फेडरल रिझर्व्हच्या व्याजदराचा निर्णय तिथल्या दुपारी दोनला येतो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला. बाजार चालू असतो, त्यामुळे स्टॉप इथे बराच चांगला काम करतो. मात्र पहिल्या काही मिनिटांत भाव दोन्हीकडे झटके देतो, म्हणून त्या रात्री फार जवळचा स्टॉप ठेवू नये. जागून तो हाताने हलवत बसणं तर अजिबातच नको. रात्री एकला, थकलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय संध्याकाळी आठला घेतलेल्या निर्णयाहून चांगला असण्याचं काही कारण नसतं.

हिंजवडी, खराडीच्या अनेक घरांत हा विषय वेगळ्या वाटेने येतो. अमेरिकन कंपनीत काम करणाऱ्यांना पगाराचा भाग म्हणून कंपनीचे शेअर मिळतात, आणि काही वर्षांत तेच घरातली सगळ्यात मोठी गुंतवणूक होऊन बसतात. निकालाच्या आसपास अशा अनेक कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर विकायला मनाई असते. म्हणजे सगळ्यात मोठा गॅप जेव्हा पडू शकतो, नेमकं तेव्हाच हात बांधलेले असतात. त्यांच्यासाठी कमी करण्याची वेळ निकालाच्या आदल्या संध्याकाळी नसते, ती मागच्या निकालानंतर विक्रीची खिडकी उघडते तेव्हा असते. घराचा पगार आणि घराची बचत एकाच कंपनीवर उभी असेल, तर वरचा 0.25 ने भागण्याचा हिशोब त्यांनी सगळ्यात आधी करावा.

टिकून राहणाऱ्या ऑर्डर महिन्यातून एकदा तरी उघडून बघाव्यात. शेअरची विभागणी झाली की जुने भाव निरर्थक होतात. एनव्हिडियाने जून 2024 मध्ये एकाचे दहा शेअर केले, तेव्हा भाव एका रात्रीत दशांशावर आला. ब्रोकर सहसा अशा ऑर्डर बदलतात किंवा रद्द करतात, आणि रद्द केल्याची सूचना आपल्या पहाटे, इतर पन्नास ई-मेलच्या गर्दीत येते.